मे महिन्यात काढलेला फोटो

लातूरकडच्या एका साध्या घरातल्या सामानाच्या खोलीचा फोटो समोर धरा. खोली आतून नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून, मोबाइल आडवा धरून काढलेला फोटो. उजवीकडे एकावर एक दोन पत्र्याच्या पेट्या, त्यांच्यावर चादरीत बांधलेलं वाकळांचं गाठोडं, गाठोड्यावर टीव्हीचा रिकामा खोका. डावीकडे ज्वारीची कोठी आणि तिला खेटून पाण्याचा निळा ड्रम. जमिनीवर ताडपत्रीची गुंडाळी, पाट, घमेलं. मागच्या भिंतीशी महालक्ष्म्यांच्या लोखंडी अडण्या, त्यांत अडकलेली दिवाळीच्या दिव्यांची माळ. आणि एवढ्या गर्दीत मागचा डावा कोपरा मात्र मोकळा. दोन फूट बाय दोन फूट, फरशीसकट स्वच्छ दिसणारा.

हा फोटो बघून बहुतेक जण पहिली योजना त्या मोकळ्या कोपऱ्याची करतात. तिथं एक उंच रॅक बसेल, त्यावर खोके चढतील, झालं. रॅक येतो, बसतो, जूनच्या शेवटी पाऊस पडतो आणि बैठकीतला कूलर परत आत आणायची वेळ येते. तो कोपरा रिकामा नव्हताच. फोटो मे महिन्यातला होता आणि कोपऱ्याचा मालक बाहेर बैठकीत वारा घालत होता.

अडगळीची खोली लावताना माझ्या मते हीच गोष्ट सगळ्यांत आधी समजून घ्यावी. स्वयंपाकघरातलं सामान बारा महिने तेवढंच असतं. या खोलीतलं सामान महिन्याप्रमाणे वाढतं आणि आटतं. मराठवाड्यात कूलर साधारण होळीनंतर बाहेर निघतो आणि जूनअखेर आत जातो. वाकळा, रजया दिवाळीच्या आसपास निघतात आणि फेब्रुवारीत परत येतात. वाळवणाचं सामान मार्च ते मे बाहेर असतं. ज्वारी-गहू उन्हाळ्यात भरले जातात. आता जुलै-ऑगस्टचा हिशेब करा. कूलर आत, वाकळा आत, वाळवणाचं सामान आत, कोठी काठोकाठ भरलेली आणि महालक्ष्म्यांची पेटी अजून निघायची आहे. म्हणजे खोली सगळ्यांत जास्त भरलेली असते ती आषाढ-श्रावणात, आणि हवेत ओल सगळ्यांत जास्त असते तीही तेव्हाच. मापं घ्यायची ती या भरलेल्या खोलीची.

म्हणून फोटो एक काढून भागत नाही. एक उंबऱ्यावरून, एक आत जाऊन दाराकडे तोंड करून आणि एक वर छताकडे बघून, असे तीन तरी हवेत. जमिनीवर एक फुटाची फरशी असेल तर मापाचं काम फोटोतच होतं, फरश्या मोजायच्या. नसेल तर भिंतीशी टेप ताणून ठेवा आणि मग फोटो घ्या. मग फोटो मोठा करून प्रत्येक वस्तूवर बोटानं तिचा महिना लिहा. मोबाइलमध्ये फोटोवर लिहिता येतं, किंवा साधी छापील प्रत काढून पेनानं लिहा. कोठीवर ‘बारमाही’, ड्रमवर ‘एप्रिल ते जून’, अडण्यांवर ‘भाद्रपद’, माळेवर ‘आश्विन-कार्तिक’. आणि जी वस्तू बाहेर आहे तिचा चौकोन तिच्या जागी काढून त्यात नाव लिहा. मे महिन्याच्या फोटोत कूलरचा चौकोन असा हातानं काढावा लागतो.

हे करताना काही वस्तूंवर कुठलाच महिना लिहिता येत नाही. टीव्हीचा रिकामा खोका, मिक्सरचा खोका, तुटकी खुर्ची, कूलरच्या जुन्या गवताची पिशवी, कुणाचं तरी ठेवायला दिलेलं बोचकं. खरी अडगळ ती एवढीच. आपल्या फोटोत ती जवळजवळ पाव खोली आहे. खोक्यांची जागा वॉरंटीच्या धाकानं अडवू नका, सहसा बिल आणि वॉरंटी कार्ड जपलं की पुरतं. शिवाय पुठ्ठा हे वाळवीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य. काळ्या मातीवरच्या घरात जमिनीला टेकलेला पुठ्ठा ठेवणं म्हणजे तिला ताट वाढून देणं आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि या ओढाताणीत भिंत व फरशी यांच्या सांध्याला बारीक चिरा पडतात. वाळवी तिथूनच वर येते.

रॅक घेताना भोकांच्या लोखंडी अँगलचा घ्यावा, कारण त्याचे कप्पे हव्या त्या उंचीवर बसवता येतात. आपल्या खोलीत उजव्या भिंतीला तीन फुटी दोन रॅक मागच्या बाजूपासून ओळीनं उभे करायचे. प्रत्येक रॅक पुढून मागे अठरा इंच, उंची सात फूट, प्रत्येकाला पाच कप्पे. नऊ फुटांपैकी सहा फूट रॅकनी घेतले, दाराजवळ तीन फुटांना थोडी कमी जागा उरली. रुंदीचा हिशेब असा: खोली बहात्तर इंच, रॅक अठरा, भिंतीपासून सोडलेलं अंतर दोन, समोरच्या कोठीची रुंदी चोवीस. मध्ये अठ्ठावीस इंचांची वाट राहते. दोन्ही हातांत पेटी धरून माणूस त्यातून जाऊ शकतो. वाट चोवीस इंचांच्या खाली गेली तर पेटी आडवी निघत नाही. मग ती तिरकी करताना शेजारचा डबा पडतो, आणि चार महिन्यांत पेटी वाटेतच राहायला लागते.

भिंतीपासून दोन इंच आणि जमिनीपासून आठ-नऊ इंच मोकळं ठेवण्यात काटकसर करू नका. खालून झाडू फिरला पाहिजे आणि मागून नजर गेली पाहिजे. वाळवी भिंतीवरून मातीची पेन्सिलएवढी नळी बांधत चढते. सामान भिंतीला चिकटलेलं असेल तर ती दिसते तेव्हा पेटीतल्या कापडाची चाळण झालेली असते. नळी दिसली की मध्ये बोटभर फोडून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. पुन्हा बुजवलेली दिसली तर आत वाळवी जिवंत आहे, तेव्हा माणूस बोलवा. नुसती नळी पुसून टाकली तर एवढंच होतं की पुढची नळी तुम्हाला न दिसणाऱ्या जागेवर येते.

पत्रा घेताना गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, त्यामुळे बावीसपेक्षा वीस गेज जाड. दुकानदार एका कप्प्यावर जेवढं वजन पेलेल म्हणतो, ते सगळीकडे सारखं पसरलेलं धरून सांगतो. पेटीचं वजन कडांवर येतं, त्यामुळे पत्र्याचं मध्ये पोट सुटतं. जड पेट्यांच्या कप्प्याखाली एक आडवी पट्टी आधीच मारून घ्यावी. जोडताना एक चूक फार होते. प्रत्येक कप्प्याच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन, म्हणजे एका रॅकला चाळीस बोल्ट लागतात, आणि जोडणारा खालचा कप्पा लावला की तिथंच पान्यानं आवळून टाकतो. वरपर्यंत जाईतो रॅक लचकलेला असतो. सगळे बोल्ट आधी बोटानं लावा, रॅक उभा करा, ओळंबा धरून सरळ आहे का बघा आणि मग आवळा. शेवटी वरून भिंतीला पट्टीनं बांधा. विटेची भिंत असेल तर भोक विटेत पाडा, सांध्यात नको. मातीची जुनी जाड भिंत असेल तर फास्टनर धरत नाही. तिथं दोन्ही रॅक एकमेकांना बोल्टनं जोडून जड वजन खाली ठेवणं, एवढाच भरवशाचा उपाय.

कडप्प्याचे कप्पे आधीच भिंतीत असतील तर ते काढू नका. वाळवी त्यांना खात नाही, ते गंजत नाहीत. फक्त तीन फुटांपेक्षा लांब कडप्पा मध्ये आधार नसेल तर भरवशाचा नाही. तो लोखंडासारखा वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो.

आता मांडणी. आपल्याकडं पूर्वी उतरंड असायची, मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान. दिसायला सुरेख, पण तळातल्या मडक्यातलं काही हवं असेल तर अख्खी उतरंड उतरवावी लागे. फोटोतल्या दोन पेट्या, गाठोडं आणि खोका ही उतरंडच आहे. रॅकचा खरा उपयोग ती मोडण्यात आहे. कप्प्यांमधलं अंतर डब्याच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंचच जास्त ठेवा, म्हणजे डब्यावर डबा ठेवायला जागाच उरणार नाही. दीड फूट लांब आणि फूटभर रुंद असे झाकणाचे प्लास्टिकचे डबे घेतले तर तीन फुटी कप्प्यावर तीन बसतात. वाकळांच्या पेट्या सगळ्यांत खालच्या कप्प्यावर, जमिनीवर नाही. सणांचे डबे कमरेपासून डोळ्यांपर्यंत. सगळ्यांत वर फक्त हलकं सामान, जसं आकाशकंदील, थर्माकोल, रिकाम्या टोपल्या. महालक्ष्म्यांचे मुखवटे वर ठेवू नयेत. ते वर्षातून एकदाच निघतात म्हणून लोक माळ्यावर टाकतात, आणि स्टुलावर उभं राहून काढताना हात सुटतो.

महिने लिहिले की आणखी एक गोष्ट सुचते, जी या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते. एकात एक ठेवायचं असेल तर दोन्हींचे महिने एकच हवेत. एकाच जागी आलटून पालटून ठेवायचं असेल तर महिने उलटे हवेत.

ड्रमचं उदाहरण घ्या. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात दोनशे लिटरचा ड्रम टाकून द्या असं कुणी सांगू नये आणि सांगितलं तर ऐकू नये. पण तो दोन फूट जागा अडवून वर्षातले नऊ महिने रिकामा उभा असतो. त्यात काय ठेवावं? वाकळा ठेवल्या तर एप्रिलमध्ये ड्रम लागतो तेव्हाच वाकळांना जागा नसते. दिवाळीचं सामान ठेवलं तरी तेच. वाळवणाचं सामान मात्र चपखल बसतं. शेवयाचं यंत्र, सोऱ्या, पापडाचं लाटणं, अंथरायचं प्लास्टिक, धुतलेली धोतरं आणि जुन्या साड्या. हे सगळं मार्चमध्ये बाहेर निघतं आणि मेअखेरीस मोकळं होतं. ड्रम पाण्यात असताना ते वापरात असतं किंवा चार आठवडे वरच्या कप्प्यावर टोपलीत राहतं. ड्रम आत ठेवण्याआधी उपडा करून पूर्ण वाळवा. आणि पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये रंग, फवारणीचं औषध असलं काही एकदासुद्धा ठेवू नका. प्लास्टिक ते शोषतं आणि धुऊन जात नाही.

उलट्या महिन्यांचं उदाहरण म्हणजे कूलरची जागा. ती आता मागच्या कोपऱ्यात नको, दाराजवळ रॅकच्या शेवटी उरलेल्या जागेत. मागे ठेवला तर वर्षातून दोनदा सगळी खोली त्याच्यासाठी हलवावी लागते. दाराजवळ असला की चाकांवर सरळ बाहेर. मार्च ते जून ती जागा मोकळी राहते, आणि ज्या वस्तूंना नेमकी त्याच महिन्यांत जागा हवी असते त्या तिथं येतात. आधी वाळवायला थांबलेली धान्याची पोती, मग मे महिन्यात आंब्याची आढी. आढी निघाली, गवत झाडून काढलं, फरशी पुसली की कूलर परत येतो. फक्त या जागेवर त्या चार महिन्यांतही कायमचं काही उभं राहू देऊ नका.

कूलर आत आणण्याआधी टाकी रिकामी करून पुसा आणि पंप बंद ठेवून नुसता पंखा तासभर चालवा, म्हणजे आतली ओल जाते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार पंपाच्या जाळीत बसतात. ते लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून आताच काढा, मार्चपर्यंत दगड होतात. गवताच्या जाळ्या असतील तर जुनं गवत टाकून द्या. ते साठवून पुढच्या वर्षी वापरत नाहीच, नुसती कुबट वासाची पिशवी राहते आणि उंदीर त्यात घर करतात. झाकायला जुनी सुती चादर घ्या. प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला तर आत उरलेली ओल पत्रा गंजवते.

वाकळांच्या पेट्या साफ करायची वेळ आपल्याकडं रीतीनंच ठरवून दिली आहे, असं वाटावं इतकी सोयीची आहे. दसरा काढताना घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतलं जातं, तेव्हा पेट्याही रिकाम्याच असतात. त्याच दिवशी पेट्यांचे तळ पुसावेत, गंज बघावा. पण फेब्रुवारीत वाकळा आत जाताना घाई होते. दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि मग ऊन उतरल्यावर, सावलीत गार झाल्यावर घडी घाला. गरम वाकळ पेटीत कोंबली तर रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या बाजूला दव धरतं. पावसाळ्यात येणारा कुबट वास पुष्कळदा तिथूनच सुरू झालेला असतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कडकडीत वाळवून, कापडात बांधून. ओला पाला डाग पाडतो. डांबराच्या गोळ्या घातल्या तर त्याही पुरचुंडीत, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा आणि धान्यापासून दूर. उघड्या कप्प्यावर त्यांचा काही उपयोग नाही, वाफ कोंडली तरच त्या काम करतात.

कोठीविषयी एकच सांगतो, पण ते कळकळीनं. धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी वायूच्या गोळ्या टाकण्याची सवय अजून काही घरांत आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. त्या घरगुती वापरासाठी नाहीतच. ज्वारी कडक वाळवा, दाताखाली कट्‌ असा आवाज येईतो. कोठी लाकडी पाटावर किंवा विटांवर ठेवा, झाकणाच्या कडेला कापडाची पट्टी बसवा.

महालक्ष्म्यांचं सामान मी एका डब्यात आणि एका पेटीत विभागतो. डब्यात मुखवटे, हात आणि पिलवंडं, प्रत्येक मलमलच्या वेगळ्या कापडात. पेटीत साड्या आणि कोथळ्या. खळ घातलेली सुती साडी ठेवायची नाही, कारण कसर खळीसाठीच येते. साडी खळ काढून धुवा आणि पुढच्या वर्षी पाहिजे तर घाला. जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून, नाहीतर घडीवर जर तुटते. अडण्यांचे नटबोल्ट वेगळ्या डबीत ठेवले की ती डबी हमखास हरवते. ते छोट्या पिशवीत घालून अडणीलाच तारेनं बांधा. आणि झाकणाच्या आतून त्या वर्षीच्या मांडलेल्या महालक्ष्म्यांचा एक फोटो चिकटवा. कोणता हार कुणाला, कोणता दागिना डावीकडं, यावरून संध्याकाळी आवाहनाच्या वेळी होणारा गोंधळ त्या फोटोनं मिटतो.

लेबलांचं गाडं आपल्या उन्हात अडतं. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये चिकटपट्टीचा गोंद सुकतो, कागद गळून पडतो आणि जूनमध्ये पाच डबे बिननावाचे होतात. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा त्यावर चांगला. तळहाताएवढा तुकडा कापायचा, भोक पाडून सुतळीनं डब्याच्या कडीला बांधायचा. पत्र्याच्या पेटीवर सरळ ऑइल पेंटनं आकडा काढा. लेबल झाकणावर नको, दर्शनी बाजूवर हवं, कारण झाकणं अदलाबदल होतात. लेबलवर आकडा मोठा, दोन इंच तरी, त्याखाली महिना आणि मग दोन-तीन शब्दांत आत काय आहे ते. ‘सणाचं सामान’ असं लिहिलेला डबा न लिहिल्यासारखाच. ‘७, मार्गशीर्ष, येळवस: भज्जीचं पातेलं, आंबिलाचं बिंदगं, दोन टोपल्या’ असं असलं तर घरातलं पोरसुद्धा बरोबर डबा आणून देतं.

सणाच्या डब्यावर इंग्रजी महिना लिहू नका. गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. ‘सप्टेंबर’ लिहिलेला डबा एखाद्या वर्षी महालक्ष्म्या बसल्यावर सापडतो. सणांना मराठी महिना, हवामानाच्या वस्तूंना इंग्रजी. कूलर अधिक मासाची वाट बघत नाही.

झाकण लावण्याआधी उघड्या डब्याचा वरून एक फोटो घ्या, त्यात आकड्याची चिठ्ठी दिसेल अशी. हे फोटो मोबाइलमध्ये एकत्र ठेवा, आणि दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर एक दोनशे पानी वही लटकवा, पेन दोरीनं बांधून. वहीत प्रत्येक आकड्याला एक पान. वस्तू बाहेर गेली की तारीख आणि कुणाकडं गेली ते लिहायचं, परत आली की खोडायचं. लग्नसराईत पितळी घंगाळं आणि मोठी पातेली शेजारी-पाजारी जातात. त्यांचा माग वहीत राहतो, फोटोत राहत नाही.

आपल्या खोलीचा पुढचा फोटो मे महिन्यात काढू नका. दसरा काढायच्या आदल्या दिवशी, पाऊस संपत आलेला आणि कूलर, वाकळा, कोठी सगळं आत असताना, त्याच उंबऱ्यावर उभं राहून काढा. तेव्हा वाटेची अठ्ठावीस इंचांची पट्टी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग दिसते का ते बघा. जिथं ती तुटली असेल तिथं जी वस्तू आडवी आली आहे, तिचा महिना वहीत शोधा.